महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील तपासणी वजन आणि नियंत्रण आलेख : वैश्लेषिक तुलेतील सरक ओळखण्याची एक पद्धती

सारांश

वैश्लेषिक तुलेचे अंशशोधन सामान्यतः वर्षातून एकदा होते. दोन अंशशोधनांच्या मधल्या काळात तुलेचे वाचन हळूहळू सरकत असेल तर ते कळण्याचे साधन बहुतेक प्रयोगशाळांत नसते. एकच स्थिर वजन ठरावीक दिवशी तुलेवर ठेवून त्याच्या वाचनांचा नियंत्रण आलेख काढला तर ही सरक मर्यादा ओलांडण्यापूर्वीच दिसू लागते. प्रस्तुत लेखात १०० ग्रॅमच्या तपासणी वजनाचे उदाहरण घेऊन आलेखाच्या मर्यादा कशा काढाव्यात, सरक कशी वाचावी, आणि बदल तुलेत झाला की वजनात हे कसे ठरवावे याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : तपासणी मानक, नियंत्रण आलेख, सरक, प्रमाण विचलन, समायोजन, उत्प्लावन.

१. प्रस्तावना

रसायनशास्त्र विभागातील वैश्लेषिक तुलेजवळ अंशशोधनाचे प्रमाणपत्र लावलेले असते. त्या प्रमाणपत्राचा अर्थ काटेकोरपणे पाहिला तर तो इतकाच आहे की, अमुक दिवशी, अमुक तापमानाला ही तुला अमुक इतकी बरोबर होती. त्यानंतरच्या दिवसांविषयी प्रमाणपत्र काहीही सांगत नाही. पुढील वर्षी तज्ज्ञ येतो, तुलेत काही अंतर आढळते, तो ती समायोजित करतो आणि नवे प्रमाणपत्र देतो. परंतु हे अंतर केव्हा पडले आणि त्या काळात झालेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतील किंवा बाहेरून आलेल्या पाण्याच्या नमुन्यांतील कोणती वजने त्यामुळे बिघडली, या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याची रीत जुनीच आहे. वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. तिचा हेतू कारखान्यातील उत्पादनावर लक्ष ठेवण्याचा होता. मापन हीदेखील एक उत्पादन-प्रक्रियाच असून तिचे उत्पादन म्हणजे आकडे, हा विचार अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील पॉल पोंटियस आणि जोसेफ कॅमेरॉन यांनी १९६७ च्या आपल्या प्रबंधिकेत वस्तुमान-मापनाला लागू केला. प्रक्रियेत वारंवार परत आणता येईल अशी एखादी स्थिर वस्तू असावी आणि तिच्या वाचनांचा इतिहास ठेवावा, हा त्याचा गाभा होय. अशा वस्तूला तपासणी मानक (चेक स्टँडर्ड) म्हणतात. तुलेच्या बाबतीत हे मानक म्हणजे एक चांगले वजन.

२. तपासणी वजनाची निवड आणि वाचनाची शिस्त

तपासणी वजनाचे वस्तुमान अचूक माहीत असण्याची गरज नाही. ते स्थिर असण्याची गरज आहे. हा भेद प्रारंभीच स्पष्ट असावा. आलेख तुलेची स्थिरता दाखवतो, बरोबरपणा दाखवत नाही. बरोबरपणासाठी प्रमाणपत्र लागते आणि तो बरोबरपणा टिकून आहे हे पाहण्यासाठी आलेख लागतो. म्हणून आलेखाची मध्यरेषा वजनावर कोरलेल्या १०० ग्रॅम या आकड्यावर किंवा प्रमाणपत्रातील किमतीवर काढावयाची नसून स्वतःच्या वाचनांच्या मध्यमानावर काढावयाची असते.

२०० ग्रॅम क्षमतेच्या व ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचन देणाऱ्या तुलेसाठी १०० ग्रॅमचे, अखंड पोलादी, एफ-१ वर्गाचे वजन सोयीचे ठरते. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या आर १११ या शिफारशीनुसार या वर्गाच्या १०० ग्रॅम वजनाची अनुज्ञेय त्रुटी ±०.५ मिलिग्रॅम आहे. अशी दोन वजने घ्यावीत. एक रोजच्या तपासणीसाठी, त्यास आपण ‘अ’ म्हणू. दुसरे, म्हणजे ‘ब’, पेटीत राखीव ठेवावे आणि क्वचितच बाहेर काढावे. त्याचे प्रयोजन पुढे पाचव्या भागात येईल. तुला समायोजित करण्यासाठी वापरावयाचे वजन या दोहोंहून वेगळे असले पाहिजे. तुला ज्या वजनाने समायोजित केली त्याच वजनाने तिची तपासणी केली तर वाचन नेहमीच जुळणार. वजन स्वतः झिजले किंवा मळले तरी तुला त्याच्यामागे जाईल आणि आलेख निर्धास्त सरळ दिसत राहील.

वाचनाची शिस्त थोडक्यात अशी. तुला नेहमीइतका वेळ चालू ठेवलेली असावी. वजन चिमट्याने उचलावे, हाताने नव्हे. बोटांचा तेलकट थर वजन वाढवतो, तर हाताच्या उबेने तापलेले वजन भोवतालच्या हवेचा वर जाणारा प्रवाह निर्माण करते आणि प्रत्यक्षाहून हलके दिसते. शून्य पाहावे, वजन तव्याच्या मध्यावर ठेवावे, दारे बंद करावीत, वाचन स्थिर झाल्याची खूण दिसली की पहिलेच वाचन लिहावे. ते मनाजोगे नाही म्हणून वजन पुन्हा ठेवून दुसरे वाचन लिहू नये. तसे केले तर आलेखावर तुलेचे नव्हे, लिहिणाऱ्याच्या अपेक्षेचे चित्र उमटते. वाचनासोबत तारीख, तुलाकक्षाचे तापमान आणि वाचणाऱ्याची आद्याक्षरे नोंदवावीत.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रम. तपासणीचे वाचन समायोजनाच्या आधी घ्यावयाचे असते. अनेक ठिकाणी सकाळी प्रथम समायोजनाची कळ दाबली जाते व मग तपासणी होते. त्यामुळे तुला काल कोणत्या स्थितीत होती याचा पुरावाच पुसला जातो. कालच्या कामाविषयी काही सांगू शकते ते समायोजनापूर्वीचे वाचन.

३. मर्यादा काढणे

पुढील उदाहरण पद्धती स्पष्ट व्हावी यासाठी रचलेले आहे; त्यातील आकडे अशा तुलेच्या सर्वसाधारण वागणुकीला धरून घेतले आहेत. दख्खनच्या पठारावरील एका महाविद्यालयात दर सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी ‘अ’ वजनाचे एक वाचन घेतले जाते, असे मानू. ऑगस्टच्या मध्यापासून सात आठवड्यांत २० वाचने जमली. प्रत्येक वाचनातून १०० ग्रॅम वजा करून उरलेला फरक तुलेच्या शेवटच्या अंकात, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमच्या एककात, लिहिला आहे. उदाहरणार्थ, १००.०००३ ग्रॅम हे वाचन ‘३’ असे लिहिले.

वाचन १ ते १० : ३, २, ४, ३, १, १, ३, ४, ५, ३
वाचन ११ ते २० : २, ३, ६, ४, ३, १, २, ४, ५, १

या वीस आकड्यांची बेरीज ६० असून मध्यमान ३.० येते. मध्यमानापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ४० आहे. तिला १९ ने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन १.४५ एकके, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिग्रॅम, मिळते. संगणकावरील तक्त्यात ही वाचने दुसऱ्या स्तंभात दुसऱ्या ओळीपासून लिहिली असतील तर पुढील दोन सूत्रे पुरेशी आहेत.

```
=AVERAGE(B2:B21)
=STDEV(B2:B21)
```

मध्यरेषा ३.० वर काढावी. तिच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या दुप्पट अंतरावर इशारा-मर्यादा आणि तिप्पट अंतरावर कृती-मर्यादा काढाव्यात. या उदाहरणात इशारा-मर्यादा ०.१ आणि ५.९ वर, तर कृती-मर्यादा −१.४ आणि ७.४ वर येतात. आडव्या अक्षावर वाचनाचा क्रमांक किंवा तारीख आणि उभ्या अक्षावर फरक घेऊन बिंदू मांडावेत. साधा आलेखकागदही यास चालतो. तुलेशेजारच्या भिंतीवर तो असला तर बिंदू मांडणाऱ्याला मागील बिंदू आपोआप दिसतात.

तेराव्या वाचनाचा बिंदू (६) वरच्या इशारा-मर्यादेच्या किंचित बाहेर आहे. त्याने दचकून जाण्याचे कारण नाही. वाचने प्रसामान्य वितरणानुसार विखुरलेली असतील तर दुप्पट मर्यादेबाहेर सुमारे वीसात एक बिंदू जाणे स्वाभाविकच असते. तिप्पट मर्यादेबाहेर मात्र सुमारे ३७० त एकच जातो. म्हणून पहिल्या मर्यादेने सावध व्हावयाचे आणि दुसरीने काम थांबवावयाचे, असा संकेत आहे.

येथे एक चूक फार आढळते. वीस वाचने वीस वेगवेगळ्या दिवशी घेण्याऐवजी एकाच सकाळी, दहा मिनिटांत, वजन पुन्हा पुन्हा ठेवून घेतली जातात व त्यांवरून मर्यादा काढल्या जातात. असे केल्यास प्रमाण विचलन बरेच लहान येते. आपल्या तुलेचे ते ०.०६ मिलिग्रॅम आले असे समजू. त्यावरून कृती-मर्यादा १.२ आणि ४.८ अशा येतील, आणि वर दिलेल्या निरोगी वीस वाचनांपैकी सात त्यांच्या बाहेर पडतील. दहा मिनिटांतील वाचनांत दिवसादिवसांतील तापमान, हवेचा दाब, वाचणारी व्यक्ती यांचा फरक आलेलाच नसतो. परिणामी आलेख रोज ओरडू लागतो आणि थोड्याच दिवसांत त्याकडे कोणी पाहीनासे होते. बंद पडलेल्या अनेक आलेखांचे कारण असे मर्यादांतच असते.

उलट शंकाही तपासून पाहावी. वीस दिवसांच्या काळात तुला आधीच सरकत असेल तर प्रमाण विचलन फुगते व मर्यादा नको इतक्या रुंद होतात. हे ओळखण्यासाठी लागोपाठच्या दोन वाचनांतील अंतरे (चिन्ह सोडून) काढावीत. वरील वाचनांची अशी १९ अंतरे असून त्यांची बेरीज ३० आहे, सरासरी १.५८ येते. तिला १.१२८ या गुणकाने भागले की १.४० मिळतात. हा प्रमाण विचलनाचाच दुसरा अंदाज असून त्यात हळुवार सरकीचा अंश जवळजवळ येत नाही. १.४५ आणि १.४० हे दोन अंदाज जुळतात. म्हणजे पायाभूत काळात तुला स्थिर होती. पहिला अंदाज दुसऱ्याहून ठळकपणे मोठा आला असता तर मर्यादा कायम करण्याची घाई करावयाची नव्हती.

४. सरक वाचणे

मर्यादा कायम झाल्यावर ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढील वाचने त्याच आलेखावर मांडली गेली. मध्ये दिवाळीची सुटी धरून डिसेंबरच्या पूर्वार्धापर्यंत २१ वाचने झाली.

वाचन २१ ते २८ : ३, ४, २, ३, ५, २, ३, ४
वाचन २९ ते ३६ : २, २, १, २, २, ०, १, १
वाचन ३७ ते ४१ : −१, ०, १, −१, −२

शेवटच्या वाचनात तुलेने ९९.९९९८ ग्रॅम दाखविले आणि बिंदू खालच्या कृती-मर्यादेबाहेर गेला. केवळ ही एक मर्यादा पाहणाऱ्याला तुलेतील बदल ४१ व्या वाचनाला कळला असता. तोपर्यंतच्या प्रत्येक बिंदूविषयी त्याने ‘मर्यादेत आहे’ असेच लिहिले असते आणि तेही खरेच होते.

आलेखाचा उपयोग येथे दिसतो. २९ व्या वाचनापासून ३६ व्यापर्यंत आठ बिंदू सलग मध्यरेषेच्या खालीच आहेत. तुला स्थिर असेल तर प्रत्येक बिंदू मध्यरेषेच्या वर किंवा खाली जाण्याची शक्यता सारखीच असते. कोणतेही सलग आठ बिंदू घेतले तर ते सर्व एकाच बाजूला पडण्याची शक्यता सुमारे १२८ त एक इतकीच उरते. म्हणून सलग आठ बिंदू एका बाजूला आले की तो बदलाचा संकेत मानावा, असा नियम १९५६ च्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हस्तपुस्तिकेपासून रूढ आहे. बिंदू नेमका मध्यरेषेवर पडला तर ती साखळी तुटली असे समजावे. या नियमाने ३६ व्या वाचनालाच, म्हणजे कृती-मर्यादा ओलांडण्याच्या पाच वाचने आधी, इशारा मिळाला. आठवड्याला तीन वाचनांच्या हिशेबाने हा सुमारे दीड आठवड्याचा अवधी होय.

दुसरा नियम असा की, लागोपाठच्या तीन बिंदूंपैकी दोन एकाच बाजूच्या इशारा-मर्यादेबाहेर गेले तरी तो संकेत मानावा. ३७ व ३८ या वाचनांनी (−१ व ०) तो पूर्ण झाला. ३४ व्या वाचनाचा एकटा बिंदू (०) त्या मर्यादेबाहेर गेला तेव्हा मात्र दुर्लक्ष करणे योग्यच होते. या दोन नियमांपलीकडे आणखी अनेक नियम पुस्तकांत आढळतात. ते सर्वच एका वेळी लावले तर खोट्या इशाऱ्यांची संख्या वाढते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेला एक कृती-मर्यादा आणि हे दोन नियम पुरेसे आहेत.

या टप्प्यावर टाळावयाची गोष्ट म्हणजे दर महिन्याला नवी वाचने मिसळून मर्यादा पुन्हा काढणे. वाचन खाली सरकत असताना अशी पुनर्गणना केली तर मध्यरेषाही त्याच्या मागोमाग खाली येते आणि बिंदू नेहमी तिच्या आसपासच दिसतात. पायाभूत काळात ठरलेल्या मर्यादा गोठवलेल्याच असाव्यात. तुलेची दुरुस्ती, जागाबदल किंवा नवे तपासणी वजन अशा सकारण प्रसंगीच त्या नव्याने काढाव्यात.

५. बदल तुलेत की वजनात?

आलेखाने सांगितले ते इतकेच की ‘अ’ वजन आणि तुला या जोडीत काही बदलले आहे. दोघांपैकी कोण बदलले हे एका वजनाच्या आलेखाला सांगता येत नाही. येथेच थेट समायोजनाची कळ दाबण्याचा मोह होतो. परंतु दोष वजनात असेल तर त्या समायोजनाने काहीच सुटणार नाही, आणि दोष तुलेत आहे हे सिद्ध करण्याची संधीही निघून जाईल.

राखीव वजन ‘ब’ आता उपयोगी पडते. दोन्ही वजने एकाच बैठकीत अ, ब, ब, अ या क्रमाने तोलावीत. ‘अ’च्या दोन वाचनांच्या सरासरीतून ‘ब’च्या दोन वाचनांची सरासरी वजा करावी. दोन्ही वजने सारख्याच भाराची व सारख्याच पोलादाची असल्याने तुलेच्या वाचनातील सरक दोघांनाही सारखीच लागते आणि वजाबाकीत निघून जाते. क्रम उलटून परत आणल्यामुळे त्या दहा मिनिटांतील संथ सरकही नाहीशी होते. उरतो तो दोन वजनांमधील खरा फरक.

आलेख सुरू केला त्या दिवशी ही तुलना करून ठेवलेली होती आणि फरक २.० एकके, म्हणजे ०.२० मिलिग्रॅम, आला होता असे समजू. ४१ व्या वाचनाच्या दिवशी पहिल्या फेरीत −२, −३, −३, −१ अशी वाचने मिळाली. ‘अ’ची सरासरी −१.५, ‘ब’ची −३.०, फरक १.५. अशा तीन फेऱ्यांची सरासरी १.८ एकके आली. म्हणजे दोन वजनांतील फरक ०.०२ मिलिग्रॅमनेच हलला आहे, जो या तुलनेच्या स्वतःच्या अनिश्चिततेत सहज मावतो. दुसरीकडे, शेवटच्या पाच वाचनांचे मध्यमान −०.६ आहे, मध्यरेषेपासून ते ३.६ एककांनी, म्हणजे ०.३६ मिलिग्रॅमनी, खाली आहे. ‘अ’ वजनच तेवढे हलके झाले असते तर ‘अ’ आणि ‘ब’ यांतील फरक २.० वरून सुमारे −१.६ वर यावयास हवा होता. तसे झाले नाही. निष्कर्ष निःसंदिग्ध आहे : वजन जागेवर आहे, तुलेचे वाचन सरकले आहे.

दोन्ही वजने सारखीच बदलली असण्याची शक्यता तर्कदृष्ट्या उरते. म्हणूनच ‘ब’ पेटीत राखून ठेवावयाचे आणि दोन्ही वजने एकाच वेळी, एकाच प्रकारे साफ करावयाची नाहीत.

सरकीचे कारणही शोधता येते, कारण तापमान नोंदवलेले आहे. पायाभूत काळात तुलाकक्ष सुमारे २७ अंश सेल्सिअसवर होता; डिसेंबरच्या सकाळी तो २२ अंशांवर आला. १०० ग्रॅम पोलाद सुमारे १२.५ मिलिलिटर हवा दूर सारते. पठारावरील हवेची घनता दर मिलिलिटरला सुमारे १.१ मिलिग्रॅम धरली तर हवेचे उत्प्लावन या वजनाला जवळजवळ १४ मिलिग्रॅमचा आधार देते. तापमान पाच अंशांनी उतरले की हवा सुमारे १.७ टक्क्यांनी दाट होते, आधार तितकाच वाढतो, आणि तुलेचे वाचन सुमारे ०.२३ मिलिग्रॅमनी कमी होते. हिवाळ्यात हवेचा दाब पावसाळ्याहून अधिक असतो, त्याचा परिणाम याच दिशेने होतो. तुलेतील संवेदकाची स्वतःची तापमान-संवेदनशीलताही यात मिसळते. तिची दिशा तुलेनुसार वेगळी असू शकते. या साऱ्यांची गोळाबेरीज म्हणून ०.३६ मिलिग्रॅम हा आकडा अनपेक्षित नाही. तुला नादुरुस्त नाही. ती ऑगस्टच्या हवेत समायोजित केलेली आहे आणि डिसेंबरच्या हवेत वापरली जात आहे.

उपायही यातूनच येतो. त्या दिवसाच्या तापमानाला स्थिरावलेल्या तुलेचे वेगळ्या पोलादी वजनाने समायोजन करावे, आलेखावर त्या जागी उभी रेघ काढून तारीख लिहावी, आणि तपासणी पुढे चालू ठेवावी. पुढील सहा वाचने ३, ४, २, ४, ३, २ अशी आली तर तुला जुन्या मध्यरेषेवर परतली असे म्हणता येईल व मर्यादा बदलण्याची गरज पडणार नाही. समायोजनानंतरही बिंदू मध्यरेषेपासून दूरच राहिले तर समायोजनाचे वजन, तुलेची समपातळी आणि टेबलाची स्थिरता यांकडे पाहावे लागेल.

६. या सरकीने काय बिघडते?

०.३६ मिलिग्रॅम हा आकडा १०० ग्रॅमच्या भाराला आहे. प्रमाणात सांगावयाचे तर तो दहा लाखांत ३.६ भाग इतका होतो. अर्धा ग्रॅम पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट तोलताना या सरकीचा परिणाम ०.००२ मिलिग्रॅमहून कमी असतो व तुलेला तो दिसूही शकत नाही. अनुमापनाच्या प्रात्यक्षिकांपुरता विचार केला तर ही सरक निरुपद्रवी आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

जड भांड्यातील थोडा अवशेष तोलताना मात्र चित्र बदलते. विहिरीच्या पाण्यातील एकूण विरघळलेले घन पदार्थ मोजण्यासाठी ७० ग्रॅमची बशी आधी रिकामी तोलतात, तिच्यात ५० मिलिलिटर गाळलेले पाणी आटवतात आणि दुसऱ्या दिवशी बशी पुन्हा तोलतात. दर लिटरला ४०० मिलिग्रॅम घन पदार्थ असलेल्या पाण्याचा अवशेष २० मिलिग्रॅम भरतो. संथ सरक एका दिवसात फारशी होत नसल्याने एरवी दोन्ही तोलण्यांत ती सारखीच असते व वजाबाकीत जाते. पण या दोन तोलण्यांच्या मध्येच कोणी तुला समायोजित केली तर ७० ग्रॅमच्या बशीचे वाचन एकाएकी ०.२५ मिलिग्रॅमनी वाढते. ही सारी वाढ अवशेषाच्या नावे जमा होते. २० मिलिग्रॅमवर ही १.२५ टक्क्याची चूक आहे. अहवालात ४०० ऐवजी ४०५ हा आकडा जाईल. तुला बरोबर करण्याच्या कृतीनेच निकाल चुकला, आणि आलेखावरील उभी रेघ नसती तर ते कोणालाही कळले नसते. म्हणून अशी कामे चालू असताना समायोजन करू नये. करावेच लागले तर मधली भांडी पुन्हा रिकामी तोलूनच काम सुरू करावे.

७. अन्य उपकरणांस ही पद्धती लावताना

पद्धती तीच राहते. अडचण स्थिर मानकाची असते. पोलादी वजन वर्षानुवर्षे टिकते, द्रावण टिकत नाही. वाहकतामापकासाठी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. २५ अंशांना त्याची वाहकता दर सेंटिमीटरला १४१३ मायक्रोसीमेन्स असते. परंतु ती दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. तापमान-भरपाई नसलेल्या किंवा बंद ठेवलेल्या मापकाचा आलेख काढला तर तो बहुतांशी खोलीच्या तापमानाचाच आलेख ठरेल. शिवाय बाटली वारंवार उघडल्याने पाणी उडून द्रावण दाट होत जाते व वाचन वर सरकते. येथे राखीव वजनाचे काम नवी, न उघडलेली बाटली करते : दोन्ही द्रावणे एकाच बैठकीत मोजावीत. नव्या द्रावणाचे वाचन मध्यरेषेजवळ आणि जुन्याचे दूर असेल तर दोष बाटलीत आहे. दोन्ही सारखीच सरकलेली असतील तर तो विद्युतघटात किंवा मापकात आहे.

८. समारोप

वरील उदाहरणात लागलेली सामग्री म्हणजे दोन वजने, एक चिमटा, एक तापमापक आणि आलेखकागद. वेळ लागतो तो आठवड्यातून तीनदा पाच मिनिटांचा. त्यातून जे मिळाले ते असे : कृती-मर्यादा ओलांडली जाण्याच्या पाच वाचने आधी सरकीची चाहूल लागली, वजनांच्या आपसांतील तुलनेने दोष तुलेच्या बाजूला असल्याचे सिद्ध झाले, तापमानाच्या नोंदीने कारण सापडले, आणि समायोजनाची तारीख आलेखावर असल्याने कोणते अवशेष पुन्हा तोलावे लागतील तेही ठरवता आले. यांपैकी पहिली गोष्ट आलेख देतो, उरलेल्या तीन त्याच्या शेजारी ठेवलेल्या नोंदी देतात. वर्षाअखेरीस तज्ज्ञ प्रमाणपत्र देण्यास येईल तेव्हा त्याला तुलेसोबत हा आलेखही दाखवावा. समायोजनापूर्वी त्याला तुलेत जे अंतर आढळेल ते आलेखावरील बिंदूंशी जुळत असेल, तर मधल्या काळातील वजनांविषयी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना प्रयोगशाळेजवळ लेखी उत्तर असेल.